गोळी ‘द्यावी’ की ‘देऊ नये’? कन्नड पत्रक आणि बाईंना पाठवायचे उत्तर

बेंगळुरूत राहणाऱ्या अनेक मराठी घरांत शाळेचे कन्नड पत्रक आले की आधी फोनचा कॅमेरा उघडला जातो. फोटो काढला, भाषांतर वाचले, काम झाले. सहलीच्या पत्रकात एखादा शब्द चुकला तर फार बिघडत नाही. औषधाच्या पत्रकात मात्र बिघडू शकते.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाचे उदाहरण घेऊ. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळांमध्ये मुलांना अल्बेंडाझोलची चावून खायची गोळी दिली जाते. जी मुले त्या दिवशी राहतात, त्यांच्यासाठी साधारण आठवड्याने दुसरा दिवस ठेवतात. आजारी असलेल्या किंवा दुसरे औषध चालू असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत. समजा, पत्रकात हेच लिहिले आहे आणि आपल्या मुलाला ताप आहे.

कन्नडमध्ये गोळीला ‘मात्रे’ म्हणतात आणि ‘फक्त’ या अर्थी ‘मात्र’ हा शब्द आहे. दोघांत फरक एका स्वरचिन्हाचा. फोटो धूसर असला की गोळीच गायब होते आणि वाक्यात ‘फक्त’ येते. दुसरा धोका याहून मोठा. ‘कोडबेकु’ म्हणजे द्यायला हवी आणि ‘कोडबारदु’ म्हणजे देऊ नये. कन्नड वाक्यात क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते, म्हणून होकार की नकार हे ओळीच्या टोकाला ठरते. नेमके तेच टोक फोटोत कापले जाते किंवा घडीत दबते.

म्हणून दप्तरात चुरगळलेला कागद आधी हाताने सपाट करावा. तो टेबलावर, उजेडात, आपली सावली पडणार नाही असा ठेवावा. फोन वरून सरळ धरावा आणि चारही कोपरे फोटोत घ्यावेत. मजकूर मोठा असेल तर दोन फोटो काढावेत. पेनाने केलेली दुरुस्ती, उदाहरणार्थ खोडून बदललेली तारीख, फोन बहुधा नीट वाचत नाही. ती डोळ्यांनी पाहावी. तारखेशेजारचा वार कॅलेंडरशी जुळतो का, तेही बघावे. रविवारला कन्नडमध्ये ‘भानुवार’ म्हणतात.

मग भाषांतर दोनदा करावे, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. एकात ‘द्यावी’ आणि दुसऱ्यात ‘देऊ नये’ आले, तर दोन्हींवर विश्वास ठेवू नये. मूल शाळेत कन्नड शिकत असेल तर ते वाक्य त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. अर्थ कळला नाही तरी शेवटी ‘बेकु’ आहे की ‘बारदु’, हे आपल्याला ऐकू येते.

उत्तर लिहिताना आपल्याला काय समजले, ते आधी सांगावे. म्हणजे चूक असेल तर बाईंच्या लगेच लक्षात येईल. नमुना असा:

आदरणीय मॅडम,
जंतनाशक दिनाचे पत्रक मिळाले. मी ते फोनवर भाषांतर करून वाचले. मला असे समजले: 10 फेब्रुवारीला शाळेत मुलांना औषधाची गोळी देणार आहेत. आजारी मुलांना ती देऊ नये.
माझ्या मुलाला दोन दिवसांपासून ताप आहे. त्याला डॉक्टरांचे औषध चालू आहे. कृपया 10 तारखेला त्याला ही गोळी देऊ नका. तो बरा झाल्यावर गोळी कोणत्या दिवशी मिळेल, ते कृपया कळवा. माझ्या समजण्यात काही चुकले असेल तर सांगा.
आपली नम्र,
(आईचे नाव, मुलाचे नाव, इयत्ता, फोन नंबर)

पत्रातली वाक्ये मुद्दाम छोटी ठेवली आहेत. लांब वाक्यात ‘नका’ कुठल्या गोष्टीला लागू आहे, याचा भाषांतरात गोंधळ होतो. नुसते ‘गोळी’ न लिहिता आधी एकदा ‘औषधाची गोळी’ लिहावे, कारण एकट्या शब्दाची बंदुकीची गोळीही होऊ शकते. कन्नड मजकूर तयार झाला की तो पुन्हा मराठीत उलटवून वाचावा. नकार जागेवर असेल तरच पाठवावा.

सर्वांत महत्त्वाची ओळ तोंडपाठ असलेली बरी: ‘दयविट्टु नन्न मगनिगे मात्रे कोडबेडि’, म्हणजे कृपया माझ्या मुलाला गोळी देऊ नका. मुलगी असेल तर ‘मगनिगे’च्या जागी ‘मगळिगे’ म्हणावे. चिठ्ठी दप्तरात राहून जाऊ शकते, म्हणून त्या दिवशी सकाळी शाळेत फोन करून हेच वाक्य बाईंना सांगावे आणि त्यांचे ‘आयतु’, म्हणजे ‘बरं’, ऐकूनच फोन ठेवावा.