गॅदरिंगच्या फोटो बूथची चौकट

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बूथवरून हातात पडणारा फोटो बहुधा 4 बाय 6 इंचांचा असतो. इंचाला 300 पिक्सेल धरले, तर आडव्या चौकटीची फाइल 1800 बाय 1200 पिक्सेलची हवी. सजावट त्यानंतर.

खरे काम खिडकीचे. डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोटो सहसा 3:2 प्रमाणात येतो, म्हणून खिडकी 1500 बाय 1000 ठेवावी. बाजूंना 150-150, वर 60 आणि खाली 140 पिक्सेल उरतात. कॉलेजचे नाव खालच्या पट्टीत, पण कडेपासून निदान 50 पिक्सेल आत, कारण प्रिंटर कडा थोडी कापतो. बूथच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची जागाही खिडकीएवढीच लावायची. नाहीतर फोटो कागदभर पसरतो आणि टोकाला उभे राहिलेले मित्र चौकटीमागे जातात.

खिडकीत पांढरा रंग भरून चालत नाही, तो भाग खोडून रिकामा करावा लागतो. फाइल पीएनजीच हवी. जेपीजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही आणि चेहऱ्यांवर पांढरा चौकोन येतो. तपासायला चौकट गडद लाल चित्रावर ठेवा. कोपऱ्यांत पांढुरकी झाक दिसली, तर खोडणे अर्धवट राहिले आहे. शेवटची चाचणी मात्र त्याच बूथच्या प्रिंटरवर, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी.