सायलीच्या गल्ल्यात डाइम कशाला?

साराच्या गल्ल्यात 12 नाणी आहेत, काही डाइम आणि काही क्वार्टर. एकूण रक्कम 2 डॉलर 25 सेंट. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?

अमेरिकेतल्या बीजगणिताच्या पुस्तकांत अशी शाब्दिक उदाहरणे हमखास भेटतात. मराठीत आणताना साराची सायली सहज होते. अडते ते नाण्यांपाशी. डाइम 10 सेंटचे आणि क्वार्टर 25 सेंटचे, हे तिथल्या मुलांना पाठच असते, म्हणून उदाहरणात ते दिलेलेही नसते. आपल्याकडे 25 पैशांचे नाणे 2011 मध्येच चलनातून गेले. मग 10 आणि 20 रुपयांची नाणी घ्यावीत आणि रक्कम 225 रुपये ठेवावी? तसे केले तर 20 रुपयांची साडेदहा नाणी निघतात!

युक्ती गुणोत्तरात आहे. 10 आणि 25 हे प्रमाण 2 आणि 5 इतकेच, आणि 2 व 5 रुपयांची नाणी तर आपल्या खिशात असतात. नाण्यांची किंमत 5 ने भागली, तशी रक्कमही भागायची: 225 चे 45 रुपये. आता सगळी नाणी 2 रुपयांची मानली तर 24 रुपये होतात, 21 कमी पडतात. एक नाणे बदलून 5 चे केले की 3 रुपये वाढतात, म्हणजे 5 रुपयांची नाणी 7 आणि 2 रुपयांची 5. मुळात क्वार्टर 7 आणि डाइम 5 होते. मात्र डॉलरचे सेंट करण्याची पायरी इथे गळते. धडा समीकरणांचा असेल तर हरकत नाही. दशांश अपूर्णांकांचा असेल तर ही युक्ती कामाची नाही.

मापांचेही असेच. ताशी 60 मैलांचे 60 किलोमीटर केले आणि अंतराचे 180 मैलही 180 किलोमीटर केले, तर उत्तर 3 तासच राहते. पण 5 फुटी फळीचे 3 इंची तुकडे किती, या प्रश्नात नुसती एककाची नावे बदलून भागत नाही. फुटाचे इंच 12, मीटरचे सेंटिमीटर 100; 500 ला 3 ने पूर्ण भाग जात नाही. त्याऐवजी 3 मीटरची फळी आणि 15 सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत. उत्तर 20 च येते आणि एकक बदलण्याची पायरीही टिकते.

भावांचे मात्र भान हवे. 4 डॉलरच्या दुधाचे 4 रुपये केले तर मुले हसतील. उत्तर रुपयांत हवे असेल आणि उत्तरसूची बदलायची नसेल, तर आकडा तसाच ठेवून वस्तू बदलावी: दुधाऐवजी पेन्सिल.

शेवटी मूळ इंग्रजी न पाहिलेल्या शिक्षकाने फक्त मराठी वाचून उदाहरण सोडवावे. उत्तर जुळले नाही, किंवा त्याला मध्येच काही विचारावे लागले, तर चूक भाषांतरात शोधायची.