पेनिसिलिनच्या चार रिॲक्शन्स आणि एक तक्ता

पेनिसिलिन घेतल्यावर चार जणांना त्रास झाला, असं समजू. पहिल्याला इंजेक्शननंतर दहाव्या मिनिटाला अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला आणि रक्तदाब कोसळला. दुसऱ्याला हृदयाच्या झडपेला झालेल्या जंतुसंसर्गासाठी शिरेतून मोठे डोस चालू होते. दहाव्या दिवशी तो पांढराफटक दिसू लागला आणि डोळ्यांत पिवळसर झाक आली. तिसरीचा औषधाचा कोर्स संपला आणि मग चार दिवसांनी ताप चढला, गुडघे आणि मनगटं सुजली. चौथीला गोळ्या सुरू केल्याच्या सातव्या दिवशी पाठीपोटावर बारीक लाल पुरळ उठली, खाज होती, बाकी ती ठणठणीत होती. चौघांच्याही केसपेपरवर एकच नोंद झाली: पेनिसिलिनची ॲलर्जी.

वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात प्रतिकारशास्त्र शिकताना अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार येतात. म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींना इजा करते, तिच्या चार तऱ्हा. ही विभागणी फिलिप गेल आणि रॉबिन कूम्ब्स या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडली. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये तिचं रूप बहुतेक वेळा आजारांच्या यादीचं असतं: पहिल्या प्रकारात दमा, दुसऱ्यात रक्तगटाची गडबड, तिसऱ्यात ल्युपस, चौथ्यात क्षयाची त्वचाचाचणी. अशी यादी पाठ होते, पण वरचे चार रुग्ण समोर आले की ती निरुपयोगी ठरते, कारण पेनिसिलिन त्या यादीत कुठे लिहायचं हेच कळत नाही. ते चारही ओळींत लिहावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की हा तक्ता आजारांच्या नावांवरून आखूच नये. आधी यंत्रणेचे रकाने आखावेत: शरीराला खटकलेली गोष्ट कुठे आहे, इजा कोण करतं, आणि किती वेळाने. उदाहरणं सगळ्यांत शेवटी भरावीत.

पेनिसिलिनचा रेणू इतका लहान असतो, की एकट्याने तो प्रतिकारव्यवस्थेच्या नजरेतही भरत नाही. पण त्याच्या रचनेत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. ते शरीरात उघडतं आणि प्रथिनांना घट्ट चिकटतं. पेनिसिलिन चिकटलेलं हे प्रथिन मग परकं वाटू लागतं. औषध कुठे चिकटलं आणि त्याला उत्तर कोणी दिलं, या दोन प्रश्नांवरून रुग्ण तक्त्याच्या कोणत्या ओळीत जाणार ते ठरतं.

पहिल्या रुग्णाने पूर्वी कधीतरी पेनिसिलिन घेतलेलं होतं आणि तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं. पण त्या वेळी त्याच्या शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवली आणि ती त्वचेतल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसली. या खेपेला पेनिसिलिन चिकटलेल्या प्रथिनाने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडलं आणि त्या पेशींनी आतला हिस्टामिन क्षणात बाहेर सोडला. रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, श्वासनळ्या आवळल्या. सगळी सामग्री आधीपासून तयार असल्यामुळे हे मिनिटांत घडतं, फार तर तासाभरात. उपचारही तितकाच तातडीचा असतो: ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम. गेल आणि कूम्ब्स यांनी वर्गीकरण केलं तेव्हा आयजीईचा शोधही लागला नव्हता. तो काही वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला आणि पहिल्या ओळीत अचूक बसला.

दुसऱ्या रुग्णात औषध तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर चिकटलं. त्यासाठी रक्तात औषध भरपूर लागतं, म्हणून ही रिॲक्शन दिवसाला कोटभर युनिट किंवा त्याहून अधिक पेनिसिलिन शिरेतून, आठवडाभर किंवा जास्त काळ घेणाऱ्यांतच सहसा दिसते. इथे आयजीजी प्रतिपिंडं त्या पेशींवर जाऊन बसतात आणि प्लीहेतल्या भक्षकपेशी अशा पेशी गिळून टाकतात. हिमोग्लोबिन उतरतं, फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. निदानासाठी जी तपासणी करतात तिचं नाव कूम्ब्स टेस्ट. ती याच रॉबिन कूम्ब्स यांनी सहकाऱ्यांसह १९४५ साली दिली. तांबड्या पेशींवर प्रतिपिंडं बसली आहेत का, एवढंच ती विचारते आणि या रुग्णात उत्तर 'हो' येतं. औषध थांबवलं की रक्त हळूहळू भरून येतं. चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर होणारा अनर्थ आणि आरएच निगेटिव्ह आईच्या बाळाची कावीळ याच ओळीत येतात, कारण तिथेही प्रतिपिंडांचं लक्ष्य पेशीचा पृष्ठभागच असतो.

तिसऱ्या ओळीपाशी जरा थांबायला हवं, कारण विद्यार्थ्यांचा सगळ्यांत जास्त गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत होतो. दोन्हीकडे मुख्यतः आयजीजीच असतं. फरक असा, की तिसऱ्या प्रकारात परकी गोष्ट कोणत्याही पेशीला चिकटलेली नसते, ती रक्तद्रवात मोकळी फिरत असते. प्रतिपिंडं तिला गाठतात आणि दोघांचे सूक्ष्म गठ्ठे तयार होतात. हे गठ्ठे वाहत जाऊन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, सांध्यांत, मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात. तिथे पूरक प्रथिनं जागी होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. म्हणजे इजा झालेल्या अवयवाचा काहीच दोष नसतो, गठ्ठे तिथे येऊन अडकले एवढंच. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या रुग्णाला त्रास औषध संपल्यावर झाला.

हा आजार पेनिसिलिनच्या कितीतरी आधी ओळखला गेला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातला सीरम टोचलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप, गांधी, सांधेदुखी का होते, याचा अभ्यास क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी व्हिएन्नात केला आणि १९०५ साली पुस्तकरूपाने मांडला. आपल्याकडे ही ओळ आजही जिवंत आहे. सर्पदंशावरची लस घोड्याच्याच रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. सापाच्या विषातून वाचून घरी गेलेल्या शेतकऱ्याला आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि सांधे धरले, तर त्याने ते विष पुन्हा 'उलटलं' असं समजू नये. हा सीरमचा आजार असू शकतो, आणि लस दिल्याची तारीख सांगितली तर डॉक्टरांना तो ओळखता येतो.

चौथ्या ओळीत प्रतिपिंडांचं कामच नाही. इथे टी पेशी स्वतः येतात. त्यांना परकी गोष्ट ओळखायला, संख्येने वाढायला आणि जागेवर पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रतिसाद दिवसांनी मोजायचा. लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२ साली गिनीपिगांवर दाखवून दिलं, की ही संवेदनशीलता एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे पेशींमार्फत नेता येते. क्षयाची मांटू चाचणी ४८ ते ७२ तासांनी का वाचतात, याचं उत्तर याच ओळीत आहे. वाचताना लाली मोजायची नसते, बोटाला लागणारा कडकपणा मोजायचा असतो, कारण तो तिथे जमलेल्या पेशींचा असतो.

सगळं एकत्र मांडलं, तर तक्ता असा होतो:

| प्रकार | परकी गोष्ट कुठे | इजा कोण करतं | केव्हा दिसतं | पेनिसिलिनमुळे | इतर उदाहरणं |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | मोकळी | आयजीई आणि मास्ट पेशी | मिनिटांत | गांधी, ॲनाफिलॅक्सिस | परागकणांच्या शिंका |
| दुसरा | पेशीच्या पृष्ठभागावर | आयजीजी किंवा आयजीएम | मोठ्या डोसनंतर आठवड्याने | रक्तपेशींचा नाश | चुकीच्या गटाचं रक्त |
| तिसरा | मोकळी, प्रतिपिंडांसह गठ्ठ्यांत | गठ्ठे आणि पूरक प्रथिनं | एक ते तीन आठवड्यांत | ताप, सांधेदुखी, गांधी | सर्पदंशाच्या लसीनंतरचा आजार, ल्युपस |
| चौथा | ऊतीतल्या पेशींत | टी पेशी | दोन दिवस ते आठवडाभर | लाल पुरळ | मांटू, निकेलचा इसब |

यातला 'केव्हा' हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. यंत्रणा डोळ्यांना दिसत नाही, पण वेळ रुग्ण स्वतः सांगू शकतो. तरी एकट्या वेळेवर भिस्त ठेवता येत नाही. गांधी पहिल्या ओळीत आहेत तशा तिसऱ्यातही आहेत. पहिल्या प्रकारातली एकेक गांधी काही तासांत विरते आणि दुसरीकडे उठते. तिसऱ्या प्रकारात ती एकाच जागी दिवसाहून जास्त टिकू शकते आणि सोबतीला ताप, सांधेदुखी असते. एका गांधीभोवती पेनाने गोल काढून दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी बराच उलगडा होतो.

शिवाय एकच पदार्थ दोन ओळींत असू शकतो, हे पेनिसिलिनपुरतं नाही. गाजर गवताचे परागकण कुणाला शिंका आणतात, ती पहिली ओळ. त्याच गवताने शेतात राबणाऱ्याच्या पापण्यांवर, मानेवर, कोपरांच्या वळ्यांत चिवट इसब होतो, ती चौथी.

कुष्ठरोग शिकताना या आकड्यांचा वेगळाच घोळ होतो. तिथेही 'टाइप १' आणि 'टाइप २' रिॲक्शन असतात, पण ते आकडे या तक्त्यातले नव्हेत. कुष्ठरोगातली टाइप १ रिॲक्शन यंत्रणेने चौथ्या ओळीत येते, आणि टाइप २ पारंपरिकपणे तिसऱ्या ओळीत शिकवली जाते. वहीत हे शेजारी लिहून ठेवलं नाही, तर परीक्षेत हमखास चूक होते.

आता इंजेक्शनच्या आधीच्या 'टेस्ट'बद्दल. संधिवाताच्या तापानंतर हृदय जपण्यासाठी अनेक मुलं तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतात, त्यांच्या घरी ही टेस्ट ओळखीची असते. हातावर थेंबभर औषध टोचून पंधरा-वीस मिनिटांनी पाहतात. हा प्रश्न फक्त पहिल्या ओळीला विचारलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळींबद्दल तिथे काही कळत नाही, आणि चौथीबद्दल कळायचं तर दोन-तीन दिवस थांबावं लागेल. म्हणून टेस्ट निगेटिव्ह येऊनही सातव्या दिवशी पुरळ उठली, तर टेस्ट चुकली असं होत नाही.

उलट दिशेनेही चूक होते. अमेरिकेत दहातल्या साधारण एका माणसाच्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि रीतसर तपासल्यावर त्यांतल्या दहापैकी नऊंहून अधिक जणांना ते औषध चालतं. लहानपणी तापात उठलेली पुरळ विषाणूची असते, औषध नुसतं त्या वेळी चालू असतं. म्हणून केसपेपरवर 'ॲलर्जी' या एका शब्दाऐवजी औषधाचं नाव, कितव्या दिवशी किंवा मिनिटाला त्रास झाला, काय झालं, ताप-सांधे होते का, आणि तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले होते का, एवढं लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला ओळ सापडते.

यातला शेवटचा प्रश्न चौथ्या ओळीसाठी आहे. पुरळ सौम्य असली तर ते औषध कधीतरी देखरेखीखाली पुन्हा देण्याचा विचार होऊ शकतो. पण कातडी सोलवटून निघाली, तोंडात, डोळ्यांत, जननेंद्रियांवर फोड आले, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन झालं, तर तेही टी पेशींचंच काम असतं, फक्त भयंकर प्रमाणात. अशा माणसाला खात्री करून घेण्यासाठीही ते औषध पुन्हा द्यायचं नसतं. माझ्या तक्त्यात चौथ्या ओळीखाली ही एक वेगळी, लाल शाईतली ओळ असते.