सात जणांची गाडी, सात जणांचं सामान

कराडचं एकत्र कुटुंब घेऊ. आजी-आजोबा, दोघे भाऊ, दोघी जावा आणि दहा वर्षांची मुलगी. मे महिन्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं आणि परतताना आंब्याच्या चार पेट्या आणायच्या. शोरूममध्ये सातआसनी म्हणून दाखवतात त्या गाडीची खरी परीक्षा या परतीच्या चढावरच होते.

सुरुवात मागच्या रांगेपासून करा. शोरूममध्ये मधली सीट बहुतेक वेळा पुढे सरकवून ठेवलेली असते, त्यामुळे मागे जागा ऐसपैस वाटते. आधी घरातला सगळ्यात उंच माणूस मधल्या रांगेत बसवा, त्याला हवी तेवढी सीट मागे घ्या आणि मग मागे दुसऱ्या मोठ्या माणसाला बसायला सांगा. तिथे सीट आणि फरशी यांतलं अंतर कमी असलं की गुडघे छातीकडे येतात आणि मांड्यांना आधार उरत नाही. पाच मिनिटांत हे कळत नाही, वीस मिनिटं बसलं की कळतं. ही सीट मागच्या चाकांच्या जवळपास असल्याने प्रत्येक खड्डा तिथे जास्त जाणवतो. ज्यांना गाडी लागते त्यांना तिथे बसवू नये. आजी-आजोबांचा तर प्रश्नच नाही, मधली सीट दुमडून आत शिरतानाच त्यांचे गुडघे नाही म्हणतील. म्हणजे मागे मुलगी आणि घरातलं एखादं सडपातळ माणूस. तिथे एसीचा झोत पोचतो का, तेही बघून घ्या. मधल्या रांगेत दोन वेगळ्या सीटांची गाडी देखणी असते, पण ती बऱ्याचदा सहा जणांची असते. सात माणसांच्या घराला तशी सहाआसनी गाडी चालत नाही.

आता डिकी. मारुती अर्टिगात तिसरी रांग उभी असताना 209 लिटर जागा मिळते, किया कॅरेन्समध्ये 216, इनोव्हा क्रिस्टात 300 आणि रेनॉ ट्रायबरमध्ये फक्त 84. पाच डझनांची आंब्याची पेटी साधारण 35 लिटर जागा खाते. चार पेट्यांचे 140 लिटर झाले. अर्टिगात सात माणसांच्या कपड्यांसाठी उरले 69 लिटर, म्हणजे दोन लहान बॅगा. सीएनजी घेतली तर टाकी डिकीतच बसते, मग तेवढेही उरत नाहीत. उरलेलं सामान टपावर जातं. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि पेट्या तिथे चढवल्या की वळणावर गाडी झुकलेली जाणवते. टपावर हलक्या बॅगा ठेवाव्यात आणि जड पेट्या डिकीत, सीटच्या पाठीला टेकवून.

वजनाचाही हिशोब करू. सात माणसं मिळून 430 किलो, बॅगा 70, पेट्या 60, एकूण 560. अर्टिगाची भारवहन मर्यादा साधारण 600 किलोच्या आसपास आहे, म्हणजे गाडी जवळपास तुडुंब भरली. दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा दिलेला असतो. निघण्यापूर्वी तेवढी हवा भरा.

बारा मीटरला एक मीटर चढ आणि ताशी 30 किलोमीटर वेग धरला, तर एवढ्या वजनाला एसीसकट अंदाजे 22-23 अश्वशक्ती लागते. 1500 फेऱ्यांवर 1.5 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन जेमतेम तेवढीच देतं. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धापा टाकते, इंजिन घरघरतं, गाडी थरथरते. दुसरा गिअर टाकून फेऱ्या 3000 वर नेल्या की तेच इंजिन दुपटीहून जास्त ताकद देतं. आवाज वाढतो, पण इंजिनाला त्रास होत नाही. त्रास होतो क्लचला. वळणावर ट्रकमागे अडकून अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की जळका वास येतो. तसा वास आला तर बाजूला थांबून क्लच थंड होऊ द्यावा. कॅरेन्सचं डिझेल इंजिन 1500 फेऱ्यांवरच 250 न्यूटन-मीटर ओढ देतं. त्यामुळे तिथे घाट तिसऱ्या गिअरमध्येही निभावतो आणि ट्रक ओलांडायला ताकद हाताशी उरते. सीएनजीवर मात्र आधीच कमी असलेली ओढ आणखी घटते.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. सातही जण आणि रिकाम्या का होईना, पण आपल्या बॅगा घेऊन जा. एसी सुरू ठेवून जवळच्या चढावर मध्येच थांबा आणि तिथून गाडी उचला.

या घराला माझा सल्ला असा. सातही जण महिन्याला घाटातून जाणार असतील तर कॅरेन्स डिझेल, आणि चांगल्या अवस्थेतली क्रिस्टा मिळाली तर ती त्याहून बरी. वर्षातून दोनदाच जायचं असेल तर अर्टिगा पेट्रोल पुरेल, पेट्या वेगळ्या ट्रान्सपोर्टने मागवाव्यात. ट्रायबर पाच जण आणि भरपूर सामान यासाठी चांगली आहे. सात जणांना घेऊन घाट चढायला नाही.