हॅम्बर्गचा माल आधी सिंगापूरला का जातो?

कोलकात्याहून हॅम्बर्गला निघालेला चहाचा कंटेनर अनेकदा आधी उलट्या दिशेला जातो. युरोप पश्चिमेला, पण हा कंटेनर सुमारे 3,000 किलोमीटरवरच्या सिंगापूरला पोचतो आणि तिथून मोठ्या जहाजात चढून पुन्हा भारताच्या दक्षिणेकडून पश्चिमेला निघतो. कधी हीच अदलाबदल कोलंबोत होते. नकाशा पाहून हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे पक्का हिशेब आहे.

कोलकात्याची गोदी समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, हुगळीच्या काठी आहे. नदीत गाळ साचतो, भरती पाहूनच जहाजं आतबाहेर करतात. आशिया-युरोप मार्गावरच्या जवळपास 400 मीटर लांबीच्या जहाजांना पूर्ण भरल्यावर सोळा मीटरच्या आसपास पाणी लागतं. ती इथे येऊच शकत नाहीत. म्हणून काही शे कंटेनर नेणारी छोटी फीडर जहाजं इथून माल उचलतात.

पण खोली हे अर्धंच कारण आहे. समजा, एका फीडरवर 800 कंटेनर आहेत. त्यातले हॅम्बर्गचे साठच, बाकीचे दुबई, शांघाय, लॉस एंजेलिसचे. साठ कंटेनरांसाठी युरोपपर्यंत जहाज पाठवणं कुणालाच परवडणार नाही. सिंगापुरात मात्र चितगाव, यांगून, जकार्ता अशा अनेक बंदरांतून आलेले हॅम्बर्गचे कंटेनर एकत्र होतात आणि मोठं जहाज भरतं. जहाज जितकं मोठं, तितका दर कंटेनरमागे इंधनाचा खर्च कमी. लांबचा रस्ता स्वस्त पडतो तो यामुळे.

या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि वेळ जास्त करून समुद्रात नाही, यार्डात जातो. फीडरवरून उतरलेला कंटेनर मोठ्या जहाजाची वाट पाहत रचून ठेवलेला असतो. ही जहाजं साधारण आठवड्याला एक अशी सुटतात. हुगळीत भरती हुकली, फीडर दोन दिवस उशिरा पोचलं आणि जोडजहाज निघून गेलं, तर दोन दिवसांचा उशीर आठवड्याचा होतो. पुढचं जहाज आधीच भरलेलं असेल तर आणखी एक आठवडा. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हा वेळापत्रकं विस्कटली आणि सिंगापूरच्या यार्डात कंटेनरांची गर्दी झाली.

माल अडकला आहे हे ऑनलाइन ट्रॅकिंगवर ओळखता येतं. मधल्या बंदरात 'Discharged' अशी नोंद येऊन कित्येक दिवस झाले, 'Loaded' दिसत नाही आणि पुढच्या जहाजाचं नाव बदलतं, म्हणजे जोडजहाज चुकलं.

म्हणून निर्यातदारांनी बुकिंग करताना एजंटला फक्त 'किती दिवस लागतील' असं विचारू नये. माल कुठे उतरणार, जोडजहाजाला किती दिवसांची सवड आहे आणि ते चुकलं तर पुढचं कधी, हे तिन्ही विचारावं. मगच ग्राहकाला तारीख द्यावी.