घाम ड्रायक्लीनने जातो का?

मे महिन्यात परभणीत पारा 42च्या वर चढतो आणि लग्नाच्या तिथीही त्याच दिवसांत दाट असतात. मंडपात कितीही कूलर लावा, नवरदेवाच्या ब्लेझरच्या काखा ओल्या होतातच. लग्न उरकलं की घरात कपड्यांची वाटणी होते: भारी ते लाँड्रीला, साधं ते घरी. किमतीवर केलेली ही वाटणी बऱ्याचदा चुकते. आधी दोन गोष्टी बघायच्या, डाग कशाचा आहे आणि कपडा आतून कसा बांधलाय.

ड्रायक्लीनिंग नावालाच कोरडं. कपडा तिथेही भिजतो, फक्त पाण्याऐवजी द्रावकात. कुठे पर्क्लोरोइथिलीन वापरतात, कुठे पेट्रोलजन्य द्रावक; ‘पेट्रोल वॉश’ हा बोलीतला शब्द त्यावरूनच आला. तेल, तूप, मेकअप त्यात सुटतात. मीठ आणि साखर मात्र नुसत्या द्रावकात जवळपास सुटत नाहीत. म्हणून घामाचा ब्लेझर काही न सांगता टाकला, तर चकाचक दिसतो पण पुढच्या लग्नात अंगात घातल्यावर जुना वास पुन्हा येतो. सांडलेल्या सरबताचं त्याहून वाईट: वाळल्यावर दिसत नाही, आणि पुढे इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी उमटतं. तेव्हा कपडा देताना ‘इथे घाम आहे, इथे सरबत सांडलंय’ असं बोट ठेवून सांगायचं. जाणता कारागीर तेवढीच जागा आधी ओलसर फडक्याने काढतो.

मग घाम पाण्यानेच जातो तर ब्लेझर बादलीत का नको? कारण त्याच्या छातीत अस्तर आणि वरचं कापड यांच्यामध्ये आकार धरणारा एक थर असतो. वरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं ओढा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला, तर शिवलेला कॅनव्हास. तसं काही न लागता वरचं कापडच जाडसर, ताठ वाटलं, तर बहुधा उष्णतेने चिकटवलेलं फ्यूजिंग. बाजारातले स्वस्त तयार ब्लेझर बहुतेक असलेच. पाण्यात कापड एका मापाने आकसतं, थर दुसऱ्या मापाने. चिकटपणा सुटतो आणि छातीवर बुडबुडे येतात. ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत. लग्न उरकल्यावर ब्लेझर रात्रभर वाऱ्यावर टांगा, ब्रश फिरवा. दरवेळी धुलाई लागत नाही.

साडीत धोका उलट्या बाजूनेही येतो. पैठणीचं रेशीम आणि जर पाण्यात घालू नये, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लखलखत्या जॉर्जेटच्या साडीवर खडे असतील तर ती उलटी करून बघा. मागे दोऱ्याचे टाके दिसले तर ठीक. काहीच दिसलं नाही तर खडे डिंकासारख्या चिकटद्रव्याने लावलेत, आणि ते द्रावकात सुटू शकतात. काही टिकल्यांचा रंग उडतो, रेक्झिनची पट्टी कडक होते, काही प्लास्टिकची बटणं तर विरघळतात. असली साडी लाँड्रीत देण्याऐवजी थंड पाण्यात हलक्या हाताने बुचकळून काढलेली बरी. अर्थात रंग पक्का असेल तर. फॉलच्या आतल्या कडेला पांढरं ओलं सुती फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर पाणी नकोच. मग आधी खडे दाखवून विचारायचं, आणि ‘बघू’ असं उत्तर आलं तर साडी परत घ्यायची.

लोकरीला मात्र लोक उगाच घाबरतात. थंडीच्या बातम्यांत निफाडसोबत परभणीचं नाव येतं, त्यामुळे इथे घरोघरी स्वेटर आहेत, आणि साधे विणलेले स्वेटर घरी उत्तम धुता येतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, चोळणं आणि सोड्याचा अंश एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, स्वेटर लहानग्याच्या मापाचा होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून पाणी हाताला कोमट वाटेल त्याहून थंड घ्यायचं. उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी पोळतं, तेव्हा सकाळचंच वापरावं. धुण्याची पावडर आणि साबणाची वडी नको. बोअरच्या जड पाण्यात वडीचा चिकट राखाडी थर तंतूंवर बसतो. थोडा सौम्य शाम्पू पाण्यात मिसळा, स्वेटर दहा मिनिटं दाबत भिजवा, मग तितक्याच गार पाण्यात दोनदा काढा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला की बाह्या लोंबतात. लेबलवर टबाच्या चित्रावर फुली असेल, तर मात्र हे सगळं विसरून लाँड्री गाठावी.

लाँड्रीतून आलेला कपडा कपाटात ठेवण्याआधी प्लास्टिकची पिशवी काढून हुंगून बघा. द्रावकाचा वास येत असेल तर तो पुरता वाळलेला नाही. तो घालू नका, बंद खोलीतही ठेवू नका. पेट्रोलचा वास असेल तर चूल, गॅस, इस्त्री यांपासून लांब ठेवा आणि वाळवायला परत पाठवा.