उलट्या बाजूचा रंग

पनवेलच्या एका शिवणकामाच्या दुकानात पांढऱ्या ऑर्गंडीचा ब्लाउज टांगलेला होता. त्याच्या बाह्यांवर फिकट जांभळी फुलं होती, पण पाकळ्यांच्या आत कुठेही दोरा दिसत नव्हता. पाकळीच्या कडेला बारीक टीप आणि आत नुसता रंग, कापडाच्या पोटातून वर आल्यासारखा. हे काम कोण करतं ते विचारलं, आणि पलीकडच्या आळीत राहणाऱ्या काकूंकडे गेले.

याला शॅडो वर्क म्हणतात. काकू कापड नक्षीच्या कागदावर ठेवतात आणि कापडातून दिसणाऱ्या रेघा उलट्या बाजूला हलक्या पेन्सिलीने गिरवतात. मग ते रिंगमध्ये ताणतात. सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर काढून तो बारीक सुईत ओवायचा. तयारी एवढीच.

पुढचं सगळं टाक्यात आहे. हेरिंगबोनचा टाका एकदा पाकळीच्या वरच्या कडेला, एकदा खालच्या कडेला, असा आळीपाळीने डावीकडून उजवीकडे सरकतो. सुईचं टोक मात्र दर वेळी मागे, डावीकडे असतं. साध्या हेरिंगबोनमध्ये दोन टाक्यांत थोडी जागा सुटते. इथे सुटून चालत नाही. आधीचा टाका ज्या छिद्रात गेला, नेमक्या त्याच छिद्रातून सुई पुन्हा वर यायला हवी. मग सुलट बाजूला दोन्ही कडांवर सलग टीप उमटते आणि उलट बाजूला एकमेकांवरून जाणाऱ्या दोऱ्यांची जाळी भरत जाते. आपल्याला दिसतो तो जाळीचा रंग, कापडातून गाळून आलेला. म्हणून काकू दोरा हव्या त्या छटेपेक्षा गडद घेतात. ब्लाउजवरच्या फिकट जांभळ्या फुलांची लडी हातात घेतली, तर ती जवळजवळ वांग्याच्या रंगाची होती.

"एका फुलाला अर्धा तास," काकू म्हणाल्या. पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या दोन कडा, टाका दीड मिलिमीटरचा.

मी सर्वांत जास्त वेळ पाहिलं ते वळण. पाकळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते, टाके मात्र दोन्ही बाजूंना तेवढेच पडायला हवेत. काकू बाहेरचा टाका किंचित लांब घेतात, आतला तेवढाच आखूड. हे जमलं नाही की एका कडेचे टाके पुढे पळतात, दोरे तिरके पडतात आणि रंगात पट्टे दिसतात. त्यांनी रिंग खिडकीसमोर धरली. अर्ध्या झालेल्या पाकळीत एक फिकट रेघ होती, केसाएवढी. दोन टाक्यांमध्ये छिद्र चुकलं होतं. मला ती उजेडात धरल्याशिवाय दिसली नसती. त्यांनी तो भाग उसवला. मलमल असती तर पाणी शिंपडून सुईची छिद्रं बुजली असती. ऑर्गंडीला ॲसिडच्या प्रक्रियेने कडकपणा दिलेला असतो, त्यामुळे तिच्यात ती राहतात. म्हणून पुन्हा शिवताना सुई जुन्याच छिद्रांतून न्यावी लागली.

दोऱ्याला गाठ चालत नाही, कारण इथे मागची गाठ पुढून काळ्या ठिपक्यासारखी दिसते. एका पाकळीवरून दुसरीवर दोरा ओढून नेता येत नाही, त्याची सावलीही दिसते. प्रत्येक पाकळी संपली की टोक त्याच पाकळीच्या जाळीखाली दोन-तीनदा अडकवून कापायचं. त्या अर्ध्या तासात हेही धरलेलं आहे.

लखनौच्या चिकनकारीतही हाच टाका आहे, तिथे त्याला उल्टा बखिया म्हणतात. लखनौच्या चिकनला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पनवेलच्या काकूंना मात्र दर दुकानदार ठरवून देतो, आणि तो फुलावर असतो. माझं मत असं की हा हिशेबच चुकीचा आहे.

कारण पाकळीच्या रुंदीला मर्यादा आहे. सहा-सात मिलिमीटरच्या पुढे उलट बाजूचे दोरे लांब, सैल पडतात. बांगडीत अडकतात, धुण्यात ओढले जातात आणि कापडाला चुण्या पडतात. मध्यंतरी गिऱ्हाइकाला कमळ हवं होतं, पाकळी बारा मिलिमीटर रुंद. काकूंनी प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक शीर काढली आणि तिचे सहा-सहाचे दोन भाग करून दोन्ही वेगळे भरले. कमळ सुरेख झालं. शिरेमुळे ते अधिकच खरं वाटतं. पण पाकळ्या तेवढ्याच राहिल्या आणि भरायचे भाग दुप्पट झाले, म्हणजे एका फुलाला अर्धा तास नाही, पुरता तास. दुकानात मात्र फूल एकच मोजलं गेलं.

आता मोठ्या पाकळीची नक्षी आली की काकू आधी पट्टी लावून मोजतात आणि दर शिरेवर सांगतात. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावरून परत जातात. काकू त्यांना थांबवत नाहीत.